ओला स्लॅब आणि काशीचा राग

जव्हार संस्थानच्या बांधकाम खात्यात उमेदीची वर्षं काढली असं मी म्हटलं की लोक लगेच विचारतात, "मग राजवाडा तुम्हीच बांधला का हो?" नाही. राजवाडे बांधणारे वेगळे असतात. मी मोऱ्या बांधल्या, शाळांच्या भिंती उभ्या केल्या, घाटातल्या रस्त्याचे कठडे दर पावसाळ्यानंतर पुन्हा पुन्हा बांधले. या कामांवर कोणी आपलं नाव कोरून ठेवत नाही. मोरी चांगली असेल तर ती कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

गिऱ्हाइकं मात्र भेटली एकेक. दरबारचे एक कारभारी होते. व्हरांड्याचे खांब त्यांना बारीक वाटले. "हिशेबात एवढेच पुरतात," असं मी सांगितलं तर म्हणाले, "तुमच्या हिशेबात पुरत असतील हो, पण खांब बारीक दिसला की संस्थान गरीब दिसतं." शेवटी खांबांना गिलाव्याचे थरावर थर चढवून मी संस्थान श्रीमंत केलं. पोशेऱ्याचे एक म्हातारबाबा सिमेंट पाहायला मुद्दाम डोंगर चढून आले होते. गोणीतली चिमूट त्यांनी जिभेवर ठेवली, थुंकली आणि निकाल दिला, "राख हाय. आमच्या चुलीत रोज होते." दुसऱ्या दिवशी कालच्या सांडलेल्या मालाचा घट्ट झालेला गोळा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दगडावर आपटून पाहिला, कमरेच्या फडक्यात बांधला आणि घरी नेला. पुढे त्याचं काय केलं कोण जाणे.

पण दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हटल्यावर मला आठवतो तो दवाखान्याचा स्लॅब, आणि त्यापायी एका बाईनं नवऱ्यावर धरलेला राग.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. जव्हारात तोवर कौलं नाहीतर पत्रे. दवाखान्याच्या नव्या खोलीवर सिमेंटचं सपाट छत करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. ज्यांनी असं काम जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काँक्रीट म्हणजे खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी. ते ओलं असताना त्याला वजन दगडाचं असतं, पण ताकद खिरीएवढीही नसते. ताकद यायला दिवस लागतात. तोवर ते सगळं वजन लाकडानं पेलायचं. खाली टेकू उभे करायचे, टेकूंवर आडव्या तुळया, तुळयांवर फळ्यांचा तात्पुरता तळ. याला सेंट्रिंग म्हणतात. त्या तळावर सळयांची जाळी बांधून मग माल ओतायचा. पुढे स्लॅब स्वतःच्या पायावर उभा राहिला, म्हणजे भिंतींवर बसला, की लाकूड काढून घ्यायचं. लोक स्लॅब पाहतात, इंजिनियर लाकूड पाहतो.

टेकूच्या दोन गोष्टी सांभाळायच्या. तो नुसत्या मातीवर ठेवायचा नाही. खाली रुंद, जाड फळी हवी, म्हणजे वजन पसरतं. आणि टेकू व फळी यांच्यामध्ये समोरासमोरून दोन पाचरी मारायच्या. त्या ठोकल्या की टेकू केसाकेसानं वर चढतो, सैल केल्या की खाली येतो. लाकूड काढताना याच पाचरींनी काम हळूहळू सुटतं.

लाकडासाठी संस्थानच्या जंगलखात्याकडून आइनाचे सरळ वासे मिळाले होते. काम झालं की हे वासे मजुरांना घरासाठी देऊ, असं दरबारनं कबूल केलं होतं. जंगलातून असा वासा काढायची परवानगी मिळणं तेव्हा सोपं नव्हतं, त्यामुळे मजूर खूश होते. आणि घोटाळा झाला तो याच खुशीत.

खोलीच्या मागच्या भागातले वासे हातभर जास्त लांब निघाले. सुताराचं काम पाहणारा गोविंद मिस्त्री वाडा गावचा, जाणता माणूस. त्यानं मजुरांना सांगितलं, "जास्तीचं कापा आणि फळीवर उभे करा." एवढं सांगून तो पुढच्या भागातल्या पाचरी तपासायला गेला. मजुरांना कापवेना. या डोंगरातल्या घराचा सगळा भार मधल्या मेढीवर, म्हणजे मुख्य खांबावर असतो, आणि मेढ खड्ड्यात पुरतात, वर ठेवत नाहीत. हातभर कापलेला वासा मेढीला निकामी. तेव्हा त्यांनी घरी करतात तेच केलं. प्रत्येक वाशाखाली खड्डा घेतला, तळाला चार तांदूळ आणि कुंकू टाकलं, वासा उभा केला, माती लोटली, पाणी शिंपडून धुमसानं ठोकली. वर माती अशी सारखी केली की खाली खड्डा आहे हे कळू नये. काम इतकं नीट होतं की संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात गोविंदाला वाटलं फळ्या आणि पाचरी मातीखाली झाकल्या गेल्यात.

त्यांच्या घरात ही मेढ शंभर वर्षं हललीही नसती. पण घर मुरमावर असतं. ही खोली उतारावर होती आणि तिचा मागचा भाग भरावाचा होता. माती बाहेरून आणून टाकलेली.

माल ओतायला सुरुवात सकाळी व्हायची होती. खडीच्या गाड्या घाटात अडकल्या आणि सुरुवात झाली दिवस कलल्यावर. स्लॅब एकदा धरला की मध्ये थांबायचं नसतं. अर्धा माल सुकला आणि त्याला नवा लावला तर तिथं सांधा राहतो, पुढे तिथून पाणी गळतं. म्हणून गॅसबत्त्या लावून रात्रीही काम चालू ठेवलं. मी आदल्या दिवसापासून उभाच होतो. पुढचा भाग ओतून झाला, सगळं सुरळीत दिसलं, तेव्हा रामजी मुकादमावर काम सोपवून सिमेंटच्या गोदामात एका खाटेवर आडवा झालो.

रात्रीचा राखणदार होता देवजी. वयानं चाळिशीचा, बोलायला कमी, विडी ओढायला जास्त. त्याचं काम सिमेंटच्या गोण्या आणि लाकूड राखायचं. त्याची बायको काशी वर स्लॅबवर घमेली वाहत होती. बायकांची रांग फळ्यांच्या तिरप्या वाटेनं वर जायची, माल ओतायची आणि रिकामी घमेली घेऊन त्याच वाटेनं खाली यायची. ही वाट खोलीच्या मागच्या बाजूला टेकवलेली होती. म्हणजे त्याच भरावाच्या बाजूला.

जव्हारची थंडी हाडात शिरते. देवजी वारा चुकवायला सेंट्रिंगच्या खाली मागच्या कोपऱ्यात एका दगडाशेजारी बसला होता. वरच्या तुळईला तार बांधून त्यानं कंदील टांगला होता, दगडाच्या वर चार बोटं. दगडावर त्याची तंबाखूची डबी. थोड्या वेळानं तंबाखू घ्यायला हात घातला तर कंदिलाचं बूड डबीला लागलेलं. त्याला वाटलं तार सैल झाली. त्यानं तार गुंडाळून कंदील वर घेतला. एक विडी संपली. पुन्हा पाहतो तर कंदील पुन्हा डबीवर टेकलेला, आणि वरून फळ्यांच्या फटीतून राखी पाणी टपटपतंय. डबी जागची हलली नव्हती, तारेची गाठ तशीच होती. मग तिसरं काय हललं हे शोधायला फार अक्कल लागत नाही. त्यानं वर पाहिलं. त्याच्या डोक्यावरून बायकांची पावलं जात होती.

मला जाग आली ती कोणीतरी खाटेचा पाय हळू हलवत होतं म्हणून.

"सायेब, उठा. वरचं लाकूड खाली येतंय."

"कुठलं लाकूड?"

"मागल्या अंगाचं. कंदील दगडावरल्या डबीला टेकला. वर घेतला, तं पुन्ना टेकला." त्याचा आवाज शेजारच्याला ऐकू जाईल इतकाही नव्हता.

"वरच्यांना सांगितलंस?"

"नाय सायेब. कुनालाच नाय."

मी धोतर सावरत धावलो. आत वाकून पाहिलं तर मागच्या तुळईला पोट आलं होतं. एका टेकूचा पाय मातीत उतरला होता आणि त्याच्याभोवती माती चिरली होती. वरून गळणारं सिमेंटचं पाणी थेट त्या पुरलेल्या खड्ड्यात जात होतं आणि ठोकलेली माती तिथं नुसता चिखल झाली होती.

इथं काय घडतं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक टेकू खचला की त्याचं वजन शेजारच्या टेकूंवर जातं. तेही तसेच पुरलेले, तेही खचायला लागतात. वर खोलगा पडतो, आणि ओला माल पाण्यासारखा खोलग्याकडे सरकतो. म्हणजे जिथं आधार कमी झाला तिथंच वजन वाढतं. ही गोष्ट आधी हळू चालते, मग एकदम. आणि या सगळ्यात वर वीसेक माणसं चालत असतील, तर त्यांनी काय करू नये? धावू नये. धावणाऱ्या पावलाचा दणका उभ्या माणसाच्या वजनापेक्षा किती तरी जास्त. आणि ती धावणार कुठं? उतरायच्या वाटेकडे. ती वाट नेमकी खचणाऱ्या बाजूला.

मी देवजीला म्हटलं, "तू बाहेर थांब. आत जायचं नाही." गोविंदाला हाक मारायला एका माणसाला पाठवलं आणि पुढच्या बाजूच्या भिंतीला लावलेल्या शिडीनं वर चढलो. ती बाजू मुरमावरची, पक्की. वर बत्त्यांच्या उजेडात बायका रांगेनं चालल्या होत्या, कोणी गाणंही म्हणत होती. काशी दोन्ही हातांनी घमेलं धरून अगदी त्या पोटाच्या वर उभी होती आणि माल ओतायला जागा मागत होती.

त्या क्षणी मला भीती वाटली. उघड सांगतो.  पण कसा कोण जाणे, आवाज निघाला तो अगदी साधा.

"रामजी, चहा आलाय. घमेली आहेत तिथंच ठेवा. कोणी ओतू नका. मागच्या वाटेवर चहाची भांडी आहेत, तिकडे जायचं नाही. एकेकीनं या शिडीनं खाली उतरा. घाई नाही."

रामजीनं माझ्याकडे पाहिलं. चहा कोणी सांगितला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. पण मुकादमकी करणारा माणूस साहेबाचा चेहरा वाचतो. त्यानं पहिलीला हात दिला, मग दुसरीला. काशी मध्येच वळली. "मागल्या वाटेनं गेलो तं लवकर व्हतंय की."

"शिडीनं," रामजी म्हणाला.

ती कुरकुरत आली. तिच्या मागे शेवटच्या दोघी. रामजी सगळ्यांत शेवटी उतरला. खाली येऊन बायका चहा शोधू लागल्या. चहा नव्हताच. त्यांनी माझ्या नावानं काय काय उद्धार केला ते इथं लिहिण्यासारखं नाही. नंतर खरंच चहा करावा लागला.

माणसं उतरली तरी स्लॅब होताच वर. टाकून द्यायचा नव्हता आणि पाडायचाही नव्हता. पहिलं काम म्हणजे वजन उतरवणं. भिंतीच्या माथ्यावर दोघांना उभं करून लांब दांड्याच्या फावड्यांनी खोलग्यातला माल बाहेर ओढायला लावला. फळ्यांवर कोणी पाऊल ठेवायचं नाही. ओझं हलकं झालं तसं खचणंही थांबलं. तारेला नवी गाठ मारून कंदील पुन्हा दगडावर टांगला आणि पाहत बसलो. बराच वेळ तो टेकला नाही. तेव्हाच गोविंदाला आत पाठवलं, तेही पक्क्या बाजूनं. तिथून एकेक नवा टेकू मागे लावत जायचं, प्रत्येकाखाली जाड फळी, वर पाचरींची जोडी. खचलेल्या टेकूला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी दुसरा उभा करायचा, त्यानं भार घेतला की मग पुढचा. वाशांचे जास्तीचे तुकडे त्या वेळी कोणाची परवानगी न घेता कापले.

मग पाचरी. माल अजून ओला होता म्हणून तळ वर उचलता आला. दोन बाजूंनी दोघं, एकाच वेळी, हलक्या हातानं. एकानं जोरात मारलं की तिथं टेंगूळ येतं. तासाभराचा उशीर झाला असता तर उचलायचं नावही काढता आलं नसतं, कारण अर्धवट घट्ट झालेला माल उचलला की आतून चिरतो आणि ती चीर कधी दिसत नाही. जितकं वर आलं तितकं घेतलं. चांगला माल जिथं संपत होता तिथं एक फळी उभी ठोकून त्याची कड सरळ केली. मागचा भाग नंतर, पुरलेले सगळे वासे काढून आणि फळ्यांवर उभे करून, पुन्हा ओतला. सांध्याची कड छिन्नीनं खरबरीत करून, धुऊन, वर सिमेंटचं दाट पाणी लावलं. सांधा गळला नाही. छताला किंचित पोट मात्र राहिलं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पाणी निघून जायला उतार ठेवलाय असं मी सांगितलं. त्यांना ते फार शास्त्रीय वाटलं.

पुरलेल्या वाशांबद्दल मी कोणाला शिक्षा केली नाही. गोविंदानं मजुरांना भरपूर बोलून घेतलं. ते ऐकत होते, पण त्यांच्या तोंडावर एकच भाव होता: मेढ पुरायची नाही तर काय करायची?

खरी गोष्ट यानंतरची आहे.

चहा नव्हता तर उतरवलं कशाला, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या कामावर कळलं. देवजीनं साहेबाला उठवलं, हेही कळलं. आणि काशीच्या ध्यानात आलं की आपण वर होतो, नवरा खाली होता, लाकूड खाली येतंय हे त्यानं पाहिलं, आणि तो आपल्या पायाखालून निघून साहेबाला उठवायला गेला. आपल्याला एक हाक नाही. तिनं घमेलं ठेवलं, पोरं पोशेऱ्याला तिच्या आईकडे होतीच, काशीही तिकडे निघून गेली.

देवजी काही दिवस तसाच राखणीला येत राहिला. मग एका सकाळी गोदामासमोर उभा राहिला.

"सायेब, तुमी सांगा तिला."

"तू सांगितलंस?"

"सांगितलं. ती आयकत नाय. म्हनते, तुला सायेब मोठा."

मोखाड्याच्या रस्त्यावर माझी तपासणी होतीच, वाट वाकडी करून पोशेऱ्याला गेलो. नवरा-बायकोच्या भांडणात इंजिनियरनं पडू नये हे मला कळत होतं, पण या माणसानं मला वेळेवर उठवलं होतं. काशी अंगणात नागली, म्हणजे आपली नाचणी, पाखडत होती. मला पाहून उठली, पदर सावरला, घोंगडी अंथरली. पाणी दिलं. आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

मी पुष्कळ समजावलं. दुसरं सूप घेऊन त्याच्या खोलगट कडेला नागलीचे दाणे लोटून दाखवले, वजन कसं खोलग्याकडे जातं ते. म्हटलं, "बाई, त्यानं तुला हाक मारली असती तर तू धावली असतीस. तू धावलीस की सगळ्याच धावल्या असत्या. मागच्या वाटेवर गर्दी झाली असती आणि तुम्ही सगळ्या त्या मालाखाली गेला असता. त्याला तुला वाचवायचं होतं म्हणूनच तो गप्प राहिला."

"ते समदं बरोबर हाय, सायेब," ती म्हणाली. पाखडणं थांबलं नाही. "त्याची अक्कल चांगली चालली. माजं म्हननं एवडंच हाय का, त्याची अक्कल कशी चालली? मी वर, नं त्याची अक्कल चालली. तो वर असता तं मना काय सुचलं नसतं."

  मग मला गोविंद मिस्त्रीनं सांगितलेलं आठवलं. ते सांगण्यासारखं आहे असं मला तोवर वाटलंही नव्हतं, उलट माझा हुकूम मोडला म्हणून देवजीवर थोडा रागच होता.

"तो बाहेर नव्हता," मी म्हणालो. "मी त्याला बाहेर थांब म्हणून सांगून वर चढलो. पण गोविंद आला तेव्हा तो आतच होता, त्या पोटाच्या बरोबर खाली. गोविंद ओरडला, बाहेर ये म्हणून. तर हा टेकूला हात लावून उभा, आणि वर पाहून विचारतोय, 'ती उतरली का? तिचं पाऊल मना कळतं, अजून वरच हाय.' तू शिडीवर आलीस तेव्हाच तो बाहेर आला."

काशीच्या हातातलं सूप थांबलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, झालं, आता रडेल आणि प्रकरण मिटेल.

"खाली उबा व्हता?" ती म्हणाली. "माज्या खाली?"

"हो."

तिनं सूप खाली आदळलं. नागली अंगणभर झाली.

"मेला तो!" ती उठलीच. "मी वरून पडले असते नं तो खाली चेंगरला असता, तं ही तीन पोरां कुनाच्या दारात बसवायची व्हती? एकानं तं ऱ्हायला पाहिजे का नाय? हाय का अक्कल त्याला?" आणि आईला हाक मारून, पोरांना गोळा करून, माझ्याकडे न पाहता ती जव्हारच्या वाटेला लागली, नवऱ्याला जाब विचारायला.